सोनारीचा हेल चालेल, पंधराचे पन्नास नको

परांडा तालुक्यातील सोनारीचे एखादे आजोबा पुण्याच्या रुग्णालयात जातात आणि 'पोटात लई दुखायलंय' असे सांगतात, तेव्हा ते कोणत्या भागातून आले असावेत याचा अंदाज समोरच्या डॉक्टरला लगेच येतो. 'दुखायलंय' हे रूपच मराठवाडा आणि सोलापूरकडचे. पण दुखणे कुठे आहे आणि किती आहे, हे समजायला डॉक्टरला जराही अडचण येत नाही. हेल कळतो आणि अर्थही कळतो.

आता याच्या उलट उदाहरण घ्या. बँकेतला कर्मचारी फोनवर 'एकोणसाठ' म्हणतो. त्याची मराठी अगदी प्रमाण, उच्चारात काही खोट नाही. तरीही पलीकडचा विचारतो, 'एकोणसाठ की एकोणसत्तर? पाच नऊ की सहा नऊ?' इथे हेल काहीच नाही, पण अर्थ मात्र निसटला.

बोलण्यातला हेल आणि बोलणे समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठीच्या बाबतीत आपल्याला सहज पटते. इंग्रजीचा विषय निघाला की मात्र आपण त्या एकच समजतो. परदेशात नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या परिचारिकांना याचा फटका बसतो. शेवटचे दोन महिने त्या जीभ वळवून 'गोऱ्यांसारखे' बोलण्याचा सराव करण्यात घालवतात. परीक्षक ऐकत असतो ते काही वेगळेच.

परीक्षकाच्या कानाला काय हवे असते?

ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करायची तर इंग्रजी येते हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला चालणाऱ्या दोन प्रमुख परीक्षा म्हणजे आयईएलटीएस आणि ओईटी. ओईटी म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट. ही परीक्षा १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात तयार झाली आणि ती खास आरोग्यसेवेतील लोकांसाठी आहे.

ओईटीच्या बोलण्याच्या भागात दोन प्रसंग रंगवावे लागतात. प्रत्येक प्रसंगासाठी एक कार्ड मिळते, ते वाचून तयारी करायला तीन मिनिटे आणि मग सुमारे पाच मिनिटांचे संभाषण. समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक बनते. ही व्यक्ती गुण देत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. संभाषणाचे ध्वनिमुद्रण होते आणि ते ऐकून किमान दोन प्रशिक्षित परीक्षक वेगवेगळे गुण देतात. त्यांना उमेदवाराचा चेहरा दिसत नाही.

भाषेचे गुण चार निकषांवर, प्रत्येकी शून्य ते सहा असे मिळतात. बोलणे किती सहज समजते, ते किती ओघवते आहे, शब्दांची निवड प्रसंगाला शोभते का आणि व्याकरण-शब्दसंपदा कशी आहे, हे ते चार निकष. रुग्णाशी संवाद कसा साधला, याचे गुण आणखी वेगळे असतात. पहिल्या निकषाचे नावच 'इंटेलिजिबिलिटी', म्हणजे ऐकणाऱ्याला समजणे. त्यात सर्वोच्च सहा गुणांसाठीही मातृभाषेचा हेल नसावा अशी अट नाही. हेलामुळे समजण्यात अडथळा येऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. आयईएलटीएसमध्ये उच्चारांना बोलण्याच्या गुणांपैकी पाव हिस्सा असतो आणि तिथेही मोजमाप हेच आहे.

वैमानिकांच्या इंग्रजीसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सहा पातळ्या ठरवल्या आहेत. त्यातील सर्वांत वरच्या पातळीच्या वर्णनातही उच्चारांवर मातृभाषेची छाप असू शकते, मात्र त्यामुळे समजण्यात जवळपास कधीच अडचण येऊ नये, असा उल्लेख आहे. विमान उतरवताना जो नियम पुरेसा ठरतो, तोच रुग्णाच्या खाटेजवळही पुरेसा आहे.

हेल जात का नाही?

परीक्षा घेणाऱ्यांनी उदार होऊन हेल माफ केला, असे नाही. त्यामागे कानाचे आणि मेंदूचे शास्त्र आहे. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या 'ट' आणि 'त' मधला फरक इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना ऐकूच येत नाही, त्यांना दोन्ही सारखेच वाटतात. पण इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला हा फरक ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांमध्ये ही क्षमता बरीचशी मावळलेली दिसली. बाळाचा मेंदू पहिल्या वर्षातच घरच्या भाषेला उपयोगी असलेले फरक ठेवतो आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

सोनारीत वाढलेल्या मुलीच्या कानानेही हेच केलेले असते. मोठेपणी नवे आवाज शिकता येतात, पण सगळेच्या सगळे आणि बोलण्याच्या वेगात, हे फार थोड्यांना साधते. म्हणून हेल पुसून टाकण्याचे ध्येय ठेवले तर बहुतेकांच्या पदरी निराशाच पडते.

ते ध्येय ठेवायची गरजही नाही, हे मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांच्या १९९५ च्या अभ्यासातून स्पष्ट झाले. त्यांनी चिनी मातृभाषा असलेल्या लोकांची इंग्रजी वाक्ये इंग्रजी श्रोत्यांना ऐकवली. श्रोत्यांनी ऐकलेले वाक्य शब्दशः लिहून काढायचे, ते समजायला किती सोपे वाटले हे सांगायचे आणि हेल किती जड वाटला हेही सांगायचे, अशी ती पद्धत होती. ज्या वाक्यांचा हेल 'फार जड' असे श्रोत्यांनी नोंदवले, त्यातली कितीतरी वाक्ये त्यांनी एकही शब्द न चुकता लिहून काढली होती. हेल कानाला जाणवतो म्हणून अर्थ हरवतोच असे नाही.

मराठी जिभेची तपासणी

मग कशाने अर्थ हरवतो? मराठी बोलणाऱ्यांच्या इंग्रजीत काही गोष्टी वेगळ्या असतात, पण त्या निरुपद्रवी आहेत. इंग्रजीतल्या 'थिंक'मध्ये जीभ दातांमध्ये आणून हवा सोडतात, आपण सरळ 'थ' म्हणतो. त्यांचा 'ट' दातांच्या मागच्या हिरडीवर होतो, आपला जीभ वळवून टाळूवर. हे फरक ऐकणाऱ्याला लगेच जाणवतात, पण त्यामुळे शब्द सहसा चुकीचा समजत नाही. अमेरिकी पद्धतीने 'र' गुंडाळण्याची तर मुळीच गरज नाही. कित्येक ब्रिटिश स्वतः 'नर्स'मधला 'र' उच्चारत नाहीत.

ज्यांनी खरोखर घोटाळा होतो अशा गोष्टी तीन.

पहिली, शब्दातला जोर. मराठीत आपण शब्दातल्या अक्षरांवर जवळपास सारखाच भार देतो. इंग्रजीत एका अवयवावर ठळक भार असतो आणि बाकीचे दबून जातात. ऐकणारा माणूस तो ठळक अवयव पकडून शब्द ओळखतो. 'ॲलर्जी'त भार पहिल्या 'ॲ'वर असतो, पण 'ॲलर्जिक' म्हणताना तो 'लर'वर सरकतो. 'टॅब्लेट'मध्ये तो 'टॅब'वर, 'इंजेक्शन'मध्ये 'जेक'वर. भार चुकीच्या जागी पडला की सगळे आवाज बरोबर असूनही ऐकणारा क्षणभर दुसराच शब्द शोधत राहतो. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतले आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी इतरांना किती समजते याचा अभ्यास करून १९६९ मध्ये तो प्रसिद्ध केला, त्यातही चुकीच्या जागी पडणारा भार हे न समजण्याचे एक मोठे कारण म्हणून पुढे आले होते.

दुसरी, स्वराची लांबी. लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, बोलताना मात्र त्यावर अर्थ फारसा अवलंबून नसतो. त्यामुळे कान तिकडे लक्ष देत नाही. इंग्रजीत 'लिव्ह' म्हणजे जगणे आणि 'लीव्ह' म्हणजे निघणे. घरी सोडताना रुग्णाला 'यू कॅन लीव्ह टुडे', म्हणजे 'तुम्ही आज जाऊ शकता' असे सांगायचे आहे. 'ई' आखूड झाली तर 'तुम्ही आज जगू शकता' असे ऐकू जाईल. 'हील' म्हणजे टाच आणि 'हिल' म्हणजे टेकडी, हेही त्यातलेच. इथे नुसती लांबी पुरत नाही. दीर्घ 'ई' म्हणताना ओठ थोडे ताणले गेले पाहिजेत, हसताना ताणतात तसे.

तिसरी गोष्ट, शब्दाच्या सुरुवातीच्या 'प', 'ट', 'क' यांतला श्वास. हातावर फुंकर बसेल असा तळवा तोंडासमोर धरा आणि 'कान' म्हणा, मग 'खान' म्हणा. दुसऱ्या वेळी तळव्याला हवा जाणवेल. इंग्रजी शब्दाच्या आरंभीचा 'क' किंवा 'प' या दोघांच्या मधला, पण 'ख-फ' कडे झुकणारा असतो. आपण तो आपल्या पद्धतीने कोरडा म्हणतो, तेव्हा इंग्रजी कानाला 'प'चा 'ब' आणि 'क'चा 'ग' ऐकू येऊ शकतो. 'पाठीवर थंड पॅक ठेवा' या वाक्यात इंग्रजीत 'पॅक' आणि 'बॅक' दोन्ही येतात. दोन्ही सारखेच ऐकू आले तर रुग्ण गोंधळणारच. यावर उपाय सोपा आहे. कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरावी. 'पॅक' म्हणताना ती हलली पाहिजे, 'बॅक' म्हणताना जवळपास स्थिर राहिली पाहिजे.

पंधरा मिलिग्रॅमची गोष्ट

आता एक प्रसंग पूर्ण पाहू. समजा, सोनारीची एक परिचारिका ओईटीचा सराव करते आहे. तिच्या कार्डावरचा रुग्ण सत्तरीचा आहे. खांदे आणि मांड्या सकाळी इतक्या आखडतात की हात वर होत नाहीत. डॉक्टरांनी 'पॉलिमायल्जिया रूमॅटिका' असे निदान करून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिवसाला १५ मिलिग्रॅम सुरू केले आहे. परिचारिकेने त्याला घरी औषध कसे घ्यायचे ते सांगायचे आहे.

पहिल्या प्रयत्नात ती एका दमात बोलून जाते. फिफ्टीन मिलिग्रॅम, सकाळी, जेवणासोबत, अचानक बंद करू नका, सगळे एकापाठोपाठ. रुग्णाची भूमिका करणारी तिची मैत्रीण लिहून घेते, 'फिफ्टी'. म्हणजे पन्नास. मात्रा तिपटीहून जास्त झाली. गंमत म्हणजे त्या वेळी तिचा 'र' अगदी इंग्रजी चित्रपटातल्यासारखा वळलेला होता.

चूक नेमकी कुठे झाली? 'फिफ्टी'मध्ये भार पहिल्या अवयवावर असतो आणि शेवट आखूड. 'फिफ्टीन' एकटाच म्हटला तर भार 'टीन'वर येतो, 'ई' लांबते आणि शेवटी 'न' वाजतो. पण पुढे 'मिलिग्रॅम' जोडला की खुद्द इंग्रजी लोकांच्या बोलण्यातही भार पुढे सरकून 'फिफ्'वर येतो. म्हणजे या जागी भारावर विसंबून राहता येत नाही. उरतात दोनच खुणा, लांब 'ई' आणि शेवटचा 'न'. तो 'न' लगेच पुढच्या 'मि'मध्ये मिसळून जातो. परिचारिकेने 'ई' आखूड केली आणि 'न' गिळला, त्यामुळे पंधराचे पन्नास झाले.

ही अडचण फक्त आपली नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्या डॉक्टर-परिचारिकांमध्येही फोनवर पंधरा आणि पन्नास यांची गल्लत होते. म्हणूनच औषधांच्या सुरक्षिततेचे नियम आकडा सुटा करून सांगायला शिकवतात. 'फिफ्टीन, वन फाइव्ह' असे म्हटले की शंका राहत नाही. आपण 'पाच नऊ की सहा नऊ?' विचारतो, तोच हा उपाय.

दुसऱ्या प्रयत्नात परिचारिका वाक्य तोडते. 'तुम्ही पंधरा मिलिग्रॅम घ्यायचे आहे', थांबते. 'एक, पाच', थांबते. 'म्हणजे पाच मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या', थांबते. 'सकाळी, खाण्यासोबत.' गोळ्यांची संख्या सांगितल्यामुळे आकड्याची आणखी एक खातरजमा झाली, कारण पन्नास मिलिग्रॅमसाठी दहा गोळ्या लागल्या असत्या. मग ती रुग्णाला विचारते, 'घरी गेल्यावर उद्या सकाळी तुम्ही काय करणार, ते मला सांगाल का?' रुग्ण स्वतःच्या शब्दांत सांगतो, 'तीन गोळ्या, नाश्त्यासोबत.' आता समजले की नाही याचा अंदाज बांधावा लागत नाही. रुग्णाला समजले का हे पडताळणे ओईटीच्या संवादाच्या निकषांतही मोजले जाते. त्यामुळे हा एक प्रश्न रुग्णाच्याही कामाचा आणि गुणांच्याही.

या दुसऱ्या प्रयत्नात तिचा हेल जराही बदललेला नाही. 'थ' मराठी, 'ट' मराठी, सूरही मराठवाड्याचा. बदलल्या त्या थांबण्याच्या जागा, एका स्वराची लांबी आणि शब्दाचा शेवट.

उसन्या हेलाचा तोटा

उसना हेल नुसता निरुपयोगी नसतो, तो नुकसानही करतो. बोलताना लक्ष एका वेळी मोजक्याच गोष्टींवर राहते. ते जीभ वळवण्यात गेले तर पुढचा शब्द आठवायला उशीर होतो आणि वाक्य अडखळते. ओघाचे गुण इथे जातात. शिवाय नक्कल पाच मिनिटे टिकत नाही. पहिल्या वाक्यात अमेरिकी पद्धतीचा 'वॉडर' आणि तिसऱ्यात आपला 'वॉटर' आला की ऐकणाऱ्याला प्रत्येक वेळी कान नव्याने जुळवावा लागतो. एकसारख्या हेलाची माणसाला थोड्याच वेळात सवय होते, बदलत्या हेलाची होत नाही.

समोरच्याने 'सॉरी?' म्हटल्यावर काय करायचे, हेही याच सरावात यावे. बहुतेक जण तेच वाक्य तशाच उच्चारात, पण मोठ्याने म्हणतात. रुग्ण बहिरा नसेल तर त्याचा उपयोग नाही. हळू बोलावे, अडलेला शब्द बदलावा किंवा आकडा सुटा करावा.

सराव कोणासोबत?

मन्रो आणि डर्विंग यांची पद्धत घरीही वापरता येते. कार्डावरचा प्रसंग एक मिनिट बोलून फोनवर ध्वनिमुद्रित करावा आणि ज्याने मजकूर पाहिलेला नाही अशा व्यक्तीला तो ऐकून शब्दशः लिहून काढायला सांगावे. जे शब्द चुकले, तेवढ्यांवरच काम करायचे. बाकीचे तसेच राहू द्यावेत.

ऐकणारी व्यक्ती मात्र आपल्याच गावची नसावी. सोनारीच्या मुलीचे इंग्रजी सोनारीच्या मैत्रिणीला समजतेच, कारण दोघींचे कान एकाच घडणीचे. वॉर्डातली मल्याळी, बंगाली किंवा तमिळ मातृभाषा असलेली सहकारी मिळाली तर उत्तम. तिला समजले, तर परक्या परीक्षकाला समजण्याची शक्यता बरीच वाढते.

या साऱ्याला एक मर्यादा आहे आणि ती सांगायला हवी. समजणे हे फक्त बोलणाऱ्यावर अवलंबून नसते. अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या गटांना एकाच अमेरिकी स्त्रीच्या आवाजातले व्याख्यान ऐकवले. काहींना सोबत गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र दाखवले, काहींना आशियाई स्त्रीचे. आवाज तोच असूनही आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना कमी समजले. काही कान चेहरा पाहूनच अर्धे बंद होतात. परीक्षेत चेहरा न पाहता दोन परीक्षकांनी गुण देण्याची पद्धत हा दोष कमी करते. प्रत्यक्ष वॉर्डात मात्र असा श्रोता भेटू शकतो आणि तिथे उच्चार कितीही सुधारला तरी त्याचे सगळे समाधान होईल असे नाही. अशा वेळी दोष आपल्या जिभेचा आहे असे समजून पुन्हा हेल बदलायला बसू नये. सुटा आकडा, गोळ्यांची संख्या आणि 'तुम्ही काय करणार ते सांगा' हा प्रश्न त्याच्यासमोरही तितकाच उपयोगी पडतो.

चैत्रात सोनारीच्या काळभैरवनाथाच्या यात्रेला ठिकठिकाणचे लोक येतात. जो तो आपापल्या बोलीत बोलतो, दुकानदार भाव सांगतो, गिऱ्हाईक घासाघीस करते आणि व्यवहार पार पडतो. दुकानदाराने आकडा नीट सांगितला की नाही, याकडे गिऱ्हाइकाचे लक्ष असते. तो कुठल्या गावचा, याकडे नसते. परीक्षकाचे लक्षही तिथेच असते.